हृदयस्नायूच्या रक्तपुरवठ्याचे आण्विक चित्रण : भरून येणारी न्यूनता आणि स्थिर न्यूनता

छातीत जडपणा जाणवणारा रुग्ण हल्ली आपल्याकडे येतो तो हातात एक जाड फाइल घेऊनच. त्या फाइलमध्ये विद्युत्-हृदयालेख असतो, रक्ताच्या चाचण्या असतात आणि पुष्कळदा रंगीत कड्यांच्या ओळी छापलेला एक गुळगुळीत कागद असतो. 'थॅलियम केले आहे, एका भागात फिक्स्ड डिफेक्ट आणि दुसऱ्यात रिव्हर्सिबल डिफेक्ट आहे असे लिहिले आहे. म्हणजे नेमके काय, वैद्यराज?' असा प्रश्न तो विचारतो. या प्रश्नाच्या उत्तरावर पुष्कळ काही अवलंबून असते. एका शब्दाचा अर्थ 'येथील स्नायू जिवंत आहे, परंतु श्रमाच्या वेळी उपाशी राहतो' असा होतो. दुसऱ्याचा अर्थ 'येथील स्नायू मृत झाला आहे' असा होऊ शकतो, आणि पुष्कळदा तसा होतही नाही. हा भेद कसा करतात, तो कोठे फसतो आणि आपण आपल्या चिकित्सालयात त्याचा कसा विचार करावा, हे प्रस्तुत लेखात पाहू.

प्रारंभी एक खुलासा. 'डिफेक्ट' या शब्दाचे 'दोष' असे भाषांतर केल्यास आपल्या शास्त्रातील दोषसंकल्पनेशी गल्लत होण्याचा संभव आहे. म्हणून या लेखात त्यास 'न्यूनता' म्हटले आहे. 'रिव्हर्सिबल' म्हणजे विश्रांतीच्या चित्रात भरून येणारी न्यूनता आणि 'फिक्स्ड' म्हणजे दोन्ही चित्रांत जशीच्या तशी राहणारी, स्थिर न्यूनता.

तपासणीमागील तत्त्व

अँजिओग्राफीत रोहिणीच्या पोकळीचे चित्र मिळते. प्रस्तुत तपासणीत रोहिणी दिसतच नाही. येथे दिसतो तो हृदयाचा स्नायू, आणि तोही त्यास मिळालेल्या रक्ताच्या प्रमाणात. शिरेवाटे अत्यल्प प्रमाणात किरणोत्सारी द्रव्य देतात. ते रक्ताबरोबर हृदयात पोहोचते आणि जिवंत स्नायुपेशींत शिरते. ज्या भागास रक्त अधिक, तेथे द्रव्य अधिक साठते. मग गॅमा कॅमेरा छातीभोवती फिरून त्या द्रव्यातून बाहेर पडणारे किरण टिपतो आणि संगणक त्यावरून हृदयाचे काप तयार करतो.

पूर्वी यासाठी थॅलियम-२०१ वापरत. त्यावरूनच 'थॅलियम स्कॅन' हे नाव लोकांच्या तोंडी बसले. आता बहुतेक ठिकाणी टेक्नेशियम-९९एम हे द्रव्य सेस्टामिबी किंवा टेट्रोफॉस्मिन या संयुगाशी जोडून देतात. नाव मात्र जुनेच चालू आहे. हा फरक केवळ नावापुरता नाही. थॅलियमचे वर्तन पोटॅशियमसारखे असते. ते पेशीत शिरते, पुन्हा बाहेर येते आणि काही तासांत त्याचे नव्याने वाटप होते. म्हणून थॅलियम एकदाच टोचून, श्रमानंतर लगेच एक आणि तीन-चार तासांनी दुसरे, अशी चित्रे घेता येतात. टेक्नेशियमयुक्त संयुग पेशीतील मायटोकॉन्ड्रियात अडकून राहते आणि तेथून फारसे हलत नाही. टोचताना रक्तप्रवाहाची जी स्थिती होती, तीच त्यात गोठून राहते. म्हणून त्याची दोन इंजेक्शने द्यावी लागतात : एक विश्रांतीत व एक ताणाच्या परमोच्च क्षणी. टेक्नेशियमचे अर्धायुष्य सुमारे ६ तास आहे, तर थॅलियम-२०१ चे सुमारे ७३ तास. चित्राची स्पष्टता आणि शरीरास मिळणारी किरणमात्रा या दोन्ही दृष्टींनी टेक्नेशियम सरस ठरते, ते यामुळे.

ताण का द्यावा लागतो?

येथे रोहिणीचा एक स्वभाव ध्यानात घेणे अगत्याचे आहे. मोठी रोहिणी अरुंद होऊ लागली की तिच्या पुढील सूक्ष्म रोहिण्या स्वतःहून विस्फारतात आणि विश्रांतीतील रक्तपुरवठा टिकवून धरतात. लान्स गूल्ड व सहकाऱ्यांनी १९७४ साली श्वानांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, रोहिणीचा व्यास सुमारे ८५ टक्के घटेपर्यंत विश्रांतीतील प्रवाह जवळजवळ अबाधित राहतो. परंतु प्रवाह वाढवण्याची क्षमता मात्र त्याच्या कितीतरी आधीच, व्यास निम्म्यापर्यंतही घटलेला नसताना, कमी होऊ लागते.

घरगुती दाखला घ्यावयाचा तर, नळाची एक शाखा आतून गंजलेली असली तरी एक बादली संथपणे भरताना ते कळत नाही. सर्व नळ एकदम पूर्ण उघडले की त्या शाखेचे पाणी कमी पडते आणि गंज कोठे आहे ते कळते. विश्रांतीतील हृदयालेख स्वाभाविक असूनही रुग्णास गंभीर रोहिणीरोग असू शकतो, याचे एक कारण हेच आहे.

ताण दोन प्रकारे देतात. चालता येत असेल तर फिरत्या पट्ट्यावर चालवतात. २२० मधून वय वजा केल्यावर येणाऱ्या आकड्याच्या निदान ८५ टक्क्यांपर्यंत नाडीचा वेग न्यावा असा संकेत आहे. द्रव्य त्या शिखरावर टोचतात आणि त्यानंतरही रुग्णास निदान एक मिनिट चालत ठेवतात, जेणेकरून ते द्रव्य ताणाच्या अवस्थेतच स्नायूत शिरावे. गुडघेदुखी, पक्षाघात किंवा अन्य कारणाने चालता येत नसल्यास अॅडिनोसिन, डायपिरिडॅमोल अथवा रेगाडेनोसन यांपैकी एखादे औषध देऊन रोहिण्या विस्फारतात. अॅडिनोसिनची रूढ मात्रा दर किलो वजनास दर मिनिटास १४० मायक्रोग्रॅम, सुमारे ६ मिनिटे, अशी असते. किरणोत्सारी द्रव्य तिसऱ्या मिनिटाच्या अखेरीस टोचतात.

औषधाने दिलेल्या ताणात एक सूक्ष्म भेद आहे. त्यात हृदयाचे काम फारसे वाढत नाही. निरोगी रोहिणीतील प्रवाह तीन-चार पटींनी वाढतो आणि अरुंद रोहिणीतील तितका वाढू शकत नाही, एवढेच घडते. म्हणजे चित्रात दिसते ती प्रवाहवाढीतील तफावत. त्या वेळी स्नायू प्रत्यक्ष तळमळतच असेल असे नाही. म्हणून छातीत न दुखताही चित्रात मोठी न्यूनता दिसू शकते.

चित्र कसे मांडतात आणि गुण कसे देतात

छापील कागदावर कड्यांच्या जोड-ओळी असतात. वरच्या ओळीत ताणाची चित्रे आणि तिच्या नेमकी खाली त्याच कापांची विश्रांतीची चित्रे, अशी मांडणी रूढ आहे. आडव्या कापांत डावे जवनिक मेदूवड्यासारखे कडे दिसते. उभ्या कापांत ते घोड्याच्या नालेसारखे दिसते. कड्याचा वरचा भाग ही पुढची भिंत, खालचा भाग ही तळाची भिंत. पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला दोन जवनिकांमधील पडदा आणि उजव्या हाताला बाजूची भिंत.

डावे जवनिक १७ भागांत विभागतात. पुढची भिंत, पडद्याचा पुढचा भाग आणि टोक यांना सामान्यतः एलएडी ही रोहिणी रक्त पुरवते. तळाची भिंत व पडद्याचा मागील भाग यांना उजवी रोहिणी. बाजूच्या भिंतीस सर्कमफ्लेक्स. व्यक्तिपरत्वे यात अदलाबदल होते, म्हणून हे वाटप स्थूलमानानेच घ्यावे.

प्रत्येक भागास ० ते ४ असे गुण देतात. ० म्हणजे स्वाभाविक ग्रहण. १, २ आणि ३ म्हणजे अनुक्रमे सौम्य, मध्यम व तीव्र घट. ४ म्हणजे द्रव्याचा पूर्ण अभाव. ताणाच्या चित्रातील सर्व गुणांची बेरीज आणि विश्रांतीच्या चित्रातील बेरीज स्वतंत्रपणे करतात. पहिलीतून दुसरी वजा केली की जो आकडा उरतो, तो भरून आलेल्या न्यूनतेचा होय. अहवालात या तीन आकड्यांना SSS, SRS आणि SDS अशी आद्याक्षरे असतात. १७ भागांना प्रत्येकी ४ या हिशेबाने कमाल बेरीज ६८ होते. म्हणून SDS ला ६८ ने भागून १०० ने गुणले असता, ताणाच्या वेळी हृदयस्नायूचा किती टक्के भाग उपाशी राहतो याचा अंदाज मिळतो. हे प्रमाण १० टक्के किंवा अधिक असल्यास ते मध्यम ते तीव्र मानण्याची प्रथा आहे.

एक मर्यादा येथेच सांगणे आवश्यक आहे. ही सर्व तुलना सापेक्ष असते. त्या हृदयातील सर्वांत उजळ भागास १०० मानतात आणि इतर भाग त्याच्याशी ताडून पाहतात. प्रत्यक्षात दर मिनिटाला किती रक्त गेले हे नेहमीच्या चित्रणात मोजले जात नाही. पुढे येणाऱ्या एका मोठ्या फसगतीचे मूळ यातच आहे.

भरून येणारी न्यूनता

ताणाच्या चित्रात एखादा भाग मंद दिसला आणि विश्रांतीच्या चित्रात तोच भाग उजळ झाला, तर दोन गोष्टी सिद्ध होतात. तेथील पेशी जिवंत आहेत, कारण मृत पेशी द्रव्य घेऊच शकत नाहीत. आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या रोहिणीची प्रवाह वाढवण्याची क्षमता घटली आहे. 'रिव्हर्सिबल' या शब्दाचा अर्थ 'रोग बरा होण्याजोगा आहे' असा मुळीच नव्हे, हे रुग्णास निक्षून सांगावे. 'रिव्हर्सिबल लिहिले आहे, म्हणजे ते आपोआप परत जाईल' असा समज करून घेऊन निश्चिंत झालेले रुग्ण भेटतात. वस्तुतः येथे वाचवण्याजोगा स्नायू शिल्लक आहे आणि तोच धोक्यात आहे, असा त्याचा आशय आहे.

न्यूनता अंशतः भरून येणे हाही एक प्रकार असतो. मागील आघाताने काही पेशी मृत झालेल्या आणि त्यांच्या सभोवतीच्या जिवंत, असे मिश्र चित्र त्यातून सूचित होते.

स्थिर न्यूनता : तीन शक्यता

दोन्ही चित्रांत तोच भाग तितकाच मंद दिसला की 'जुना हृदयाघात' असे चटकन म्हटले जाते. ही पहिली शक्यता खरी असू शकते : पेशी मृत झाल्या, त्यांच्या जागी वण आला, आणि वण ना ताणात द्रव्य घेतो ना विश्रांतीत. अशा भागाची भिंत बहुधा पातळ झालेली असते आणि तिचे आकुंचन मंदावलेले किंवा थांबलेले असते.

दुसरी शक्यता अधिक महत्त्वाची आहे. रोहिणी अतिशय अरुंद असेल तर विश्रांतीतही रक्त अपुरे पडते. अशा वेळी स्नायू मरत नाही. तो आपले काम कमी करून, जणू शीतनिद्रेत जाऊन, तग धरतो. चित्रात न्यूनता स्थिर दिसते, भिंतही हलत नाही, परंतु रक्तपुरवठा पूर्ववत केल्यास हा स्नायू पुन्हा काम करू लागू शकतो. त्यास मृत समजून सोडून देणे ही मोठी चूक ठरते. ओळख पटवण्यासाठी नायट्रेट देऊन विश्रांतीचे चित्र पुन्हा घेतात, थॅलियमचे २४ तासांनंतरचे चित्र पाहतात किंवा ग्लुकोजसदृश द्रव्य वापरून पेट तपासणी करतात. सर्वांत उजळ भागाच्या तुलनेत निम्म्याहून अधिक ग्रहण टिकून असेल, तर तेथे जिवंत स्नायू पुरेसा असण्याचा संभव धरतात.

तिसरी शक्यता म्हणजे आभास. हृदयातून निघालेले किरण कॅमेऱ्यापर्यंत पोहोचताना शरीरातील ऊतींत काही प्रमाणात शोषले जातात. पुरुषांत, विशेषतः पोट मोठे असल्यास, मध्यपटलामुळे तळाची भिंत मंद दिसते. स्त्रियांत स्तनांच्या ऊतीमुळे पुढची भिंत मंद दिसते. हे शोषण दोन्ही वेळा सारखेच घडते, म्हणून न्यूनता स्थिर भासते.

आभास ओळखण्याची युक्ती सोपी व तर्कशुद्ध आहे. चित्रण हृदयालेखाशी जोडून घेतले की हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचे टप्पे वेगळे पाहता येतात. भिंत आकुंचनाच्या वेळी नीट आत येत असेल आणि जाड होत असेल, तर ती वणाची भिंत असण्याचा संभव कमी. वण आकुंचन पावत नाही. याशिवाय रुग्णास पालथे झोपवून चित्र पुन्हा घेतात. तळाच्या भिंतीवरील आभास बहुधा तेव्हा नाहीसा होतो. काही यंत्रांत सीटी जोडलेला असतो व शोषणाची दुरुस्ती करता येते. अर्थात भिंतीच्या आतील थरापुरताच मर्यादित असा लहान वण हालचाल न बिघडवताही असू शकतो. म्हणून पूर्ववृत्त आणि हृदयालेख यांची जोड सोडू नये.

एक रुग्ण, क्रमाक्रमाने

अभ्यासासाठी एक रुग्ण डोळ्यांसमोर ठेवू. वय ५८, पुरुष, कापड दुकानदार, वजन ८४ किलो, पोट सुटलेले. मधुमेह ११ वर्षे, रक्तदाबवृद्धी त्याहूनही जुनी, दोन्ही गुडघ्यांत संधिगत वात. तक्रार अशी की दुकानाचा जिना चढताना छातीच्या मध्यभागी जडपणा येतो व ढेकर आल्यावर बरे वाटते. अम्लपित्त म्हणून तो तीन महिने औषध घेत होता. त्याच्या वैद्यांनी एक प्रश्न नेमका विचारला : 'हा जडपणा जेवणानंतर येतो की जिन्यावर?' उत्तर होते, 'उपाशीपोटीही जिन्यावर येतो, आणि उभा राहिलो की तीन-चार मिनिटांत जातो.' ढेकर येणे हा योगायोग होता. थांबणे हे खरे उपशयाचे कारण होते. वैद्यांनी त्यास त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले.

रक्तदाबामुळे डावे जवनिक जाड झाले होते आणि त्याचे बदल विश्रांतीच्या हृदयालेखात आधीच होते. अशा आलेखावर श्रमानंतरचे नवे बदल वाचणे अविश्वसनीय ठरते. त्यात गुडघ्यांमुळे चालणे शक्य नव्हते. म्हणून औषधाद्वारे ताण देऊन आण्विक चित्रण करण्याचे ठरले. पहिल्या दिवशी तपासणी होऊ शकली नाही, कारण सकाळी 'नुसता अर्धा कप' चहा झाला होता. चहातील कॅफिन अॅडिनोसिनच्या क्रियेस विरोध करते. रोहिण्या विस्फारत नाहीत आणि रोग असूनही चित्र चांगले दिसू शकते. दोन दिवसांनी, चहा-कॉफी वर्ज्य करून, तपासणी झाली.

ताणाच्या चित्रात पुढच्या भिंतीचा मधला भाग २ गुण, पडद्याचा पुढील मधला भाग २, टोकाजवळील पुढची भिंत ३, टोकाजवळील पडदा २ आणि टोक ३, अशी एकूण १२ गुणांची न्यूनता होती. शिवाय तळाच्या भिंतीच्या बुडाकडील व मधल्या भागांना प्रत्येकी २, म्हणजे आणखी ४ गुण. ताणाची बेरीज १६. विश्रांतीच्या चित्रात पुढची भिंत, पडदा व टोक पूर्ण भरून आले. तळाच्या भिंतीचे ४ गुण मात्र तसेच राहिले. वजाबाकी १२, म्हणजे १२ भागिले ६८, सुमारे १८ टक्के.

प्रथमदर्शनी वाचन असे झाले : 'तळाच्या भिंतीचा जुना आघात, आणि एलएडीच्या प्रदेशात मोठा रक्ताभाव.' म्हणजे दोन रोहिण्यांचा रोग. परंतु हृदयालेखात तळाच्या भिंतीच्या जुन्या आघाताच्या खुणा नव्हत्या आणि पूर्ववृत्तातही तसा प्रसंग नव्हता. मधुमेही रुग्णात वेदनारहित आघात होऊ शकतो, म्हणून केवळ पूर्ववृत्तावर विसंबून चालले नसते. ठोक्याशी जोडलेल्या चित्रांत तळाची भिंत उत्तम आकुंचन पावत होती. जवनिकाचा उत्सर्जनांश ५८ टक्के होता. पालथे झोपवून घेतलेल्या चित्रात तळाची न्यूनता नाहीशी झाली. अंतिम अहवालात ती मध्यपटलामुळे आलेला आभास म्हणून नोंदली गेली. एलएडीच्या प्रदेशातील न्यूनता मात्र खरी ठरली.

अँजिओग्राफीत एलएडीच्या आरंभीच्या भागात सुमारे ९० टक्के अरुंदी आढळली. उजव्या रोहिणीत किरकोळ खडबडीतपणा होता. औषधे पूर्ण मात्रेत देऊनही जिन्यावरचा जडपणा राहिला, म्हणून स्टेंट बसवला गेला. 'मला पूर्वी झटका येऊन गेला' ही चुकीची नोंद रुग्णाच्या फाइलमध्ये आयुष्यभर राहिली असती; ती टळली.

येथे एक शंका योग्य आहे. १० टक्क्यांहून अधिक स्नायू उपाशी असेल तर प्रत्येकास स्टेंट किंवा शस्त्रक्रिया हवीच काय? २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्किमिया या मोठ्या अभ्यासात, मध्यम ते तीव्र रक्ताभाव असलेल्या ५१७९ स्थिर रुग्णांना दोन गटांत विभागले होते. आरंभीच अँजिओग्राफी व शक्यतेनुसार रोहिणीवर उपचार करण्याने, केवळ औषधोपचाराच्या तुलनेत, सरासरी तीनेक वर्षांत मृत्यू व हृदयाघात कमी झाले असे दिसले नाही. छातीदुखी मात्र अधिक कमी झाली. मुख्य डाव्या रोहिणीचा रोग, अतिशय दुर्बल हृदय आणि नुकताच झालेला आघात असे रुग्ण त्यात घेतलेले नव्हते. तात्पर्य, चित्रातील टक्केवारी निर्णयास मदत करते. एकटीने निर्णय देत नाही.

चित्र स्वाभाविक, तरी रोग गंभीर

तुलना सापेक्ष असते हे वर सांगितले. तिन्ही रोहिण्या किंवा मुख्य डावी रोहिणी अरुंद असेल, तर सर्वच भिंतींचा प्रवाह जवळपास सारखाच घटू शकतो. मग तुलनेस उजळ भागच उरत नाही आणि चित्र एकसारखे, फसवे 'स्वाभाविक' दिसते. अशा वेळी इतर खुणा पाहाव्या लागतात : ताणानंतर जवनिक विश्रांतीपेक्षा मोठे दिसणे, ताणानंतर उत्सर्जनांश घसरणे, फुप्फुसात द्रव्य अधिक दिसणे, रक्तदाब खाली येणे किंवा हृदयालेखात स्पष्ट बदल होणे. पेट तपासणीत प्रत्यक्ष प्रवाह मोजता येतो, म्हणून तेथे ही फसगत कमी होते.

याउलट, हृदयाच्या डाव्या वाहिनीत विद्युत्-अवरोध असलेल्या रुग्णास पट्ट्यावर चालवल्यास, रोहिणी निरोगी असूनही पडद्यात भरून येणारी न्यूनता दिसू शकते. म्हणून अशा रुग्णास औषधाने ताण देणे श्रेयस्कर मानतात.

आणखी एक ध्यानात असावे. पुरेसा ताण देऊनही चित्र स्वाभाविक आले, तर पुढील वर्षभरात हृदयाघात वा हृद्रोगाने मृत्यू होण्याचे प्रमाण सामान्यतः १ टक्क्याहून कमी असते. मधुमेही व वृद्ध रुग्णांत ते काहीसे अधिक. परंतु प्रवाहास अडथळा न करणारा मेदयुक्त थर रोहिणीत नाहीच, असे त्यावरून म्हणता येत नाही. धूम्रपान, मधुमेह व रक्तदाब यांचा उपचार अशा चित्रामुळे सैल करू नये.

'उपचारापूर्वी' आणि 'उपचारानंतर'

आपल्या व्यवसायबंधूंसाठी हा भाग विशेष महत्त्वाचा आहे. एखादा कल्प सहा महिने दिल्यावर दुसरे चित्रण करून 'न्यूनता भरून आली, अर्थात अवरोध विरघळला' असा निष्कर्ष काढल्याचे दिसते. हा निष्कर्ष वरील विवेचनास धरून नाही. चित्रात रोहिणी दिसतच नाही. मग अवरोधाविषयी विधान कसे करावे?

दुसऱ्या वेळी चित्र सुधारलेले दिसण्याची अन्य कारणे असू शकतात. रुग्णाने पहिल्या वेळेपेक्षा कमी चालून नाडीचा वेग गाठलाच नसेल. पहिल्या वेळी बंद ठेवलेले बीटा-अवरोधक किंवा नायट्रेट दुसऱ्या वेळी चालू असेल. या औषधांनी रोहिणी तशीच असूनही न्यूनता लहान दिसते. चहा झालेला असेल. वजन घटल्यामुळे आभास कमी झाला असेल. शिवाय तपासणी पुन्हा केली असता आकड्यांत थोडा फरक स्वभावतःच पडतो. म्हणून ५ टक्क्यांहून लहान बदलावर निष्कर्ष उभारू नये. प्रामाणिक तुलना करावयाची असेल तर तेच द्रव्य, तोच ताणप्रकार, तितकाच ताण, तीच औषधस्थिती आणि कल्प कोणता दिला हे ठाऊक नसलेला वाचक, एवढे तरी पाळले पाहिजे.

चिकित्सालयात आणि औषधालयात

तपासणीस जाणाऱ्या रुग्णास औषधाने ताण द्यावयाचा असेल तर निदान १२ तास, आणि काही केंद्रांच्या नियमाप्रमाणे २४ तास, चहा, कॉफी, कोला व चॉकलेट वर्ज्य असते. डोकेदुखीच्या काही गोळ्यांत कॅफिन असते. थिओफायलिनवर्गातील दम्याची औषधेही अॅडिनोसिनला विरोध करतात. औषधालय चालकांनी अशी गोळी देताना 'उद्या काही तपासणी आहे काय?' एवढे विचारले तरी एक फेरी वाचते. परंतु दम्याचे औषध रुग्णाने स्वतःच्या मनाने बंद करू नये. श्वासनलिका आकुंचन पावण्याची प्रवृत्ती असलेल्या रुग्णास अॅडिनोसिन धोकादायक ठरू शकते. तमक श्वासाचे पूर्ववृत्त आपल्याला ठाऊक असते, तपासणी केंद्रास ठाऊक असतेच असे नाही. म्हणून ते चिठ्ठीत स्पष्ट लिहावे. रुग्ण घेत असलेली चूर्णे, काढे व आसव-अरिष्टे यांची यादीही सोबत द्यावी.

बीटा-अवरोधक बंद करावयाचे की नाही, हे तपासणी सुचवणारे हृदयरोगतज्ज्ञच ठरवतात. ते अचानक थांबवल्यास छातीदुखी उफाळून येऊ शकते. स्त्री गरोदर असण्याची शक्यता असल्यास किंवा बाळास अंगावर पाजत असल्यास केंद्रास आधी कळवावे.

सर्वांत शेवटी, पण सर्वांत आधी ध्यानात ठेवण्याची गोष्ट : ही तपासणी स्थिर लक्षणांच्या रुग्णासाठी आहे. विश्रांतीतही दुखणे, घाम फुटणे, धाप लागणे किंवा नव्याने वेगाने वाढलेले दुखणे असेल, तर चित्रणाची तारीख घेण्यात वेळ न दवडता रुग्णास थेट रुग्णालयात पाठवावे.

सारांश

ताणात मंद व विश्रांतीत उजळ : स्नायू जिवंत, रोहिणीची क्षमता घटलेली. दोन्ही वेळा मंद : वण, शीतनिद्रेतील स्नायू अथवा आभास, यांतील भेद भिंतीची हालचाल, पालथे चित्र व पूर्ववृत्त यांवरून करावा. सर्वत्र सारखे उजळ : बहुधा शुभ, परंतु इतर खुणा पाहिल्याविना निःशंक होऊ नये. अहवालातील शब्द हे स्नायूविषयी आहेत, रोहिणीविषयी नाहीत, एवढे भान ठेवून फाइल उघडली तर रुग्णाच्या प्रश्नास आपल्याला नेमके उत्तर देता येईल.